वृत्तालेखाचे वर्णन आणि अदमासाची भाषा

आय. ई. एल. टी. एस. ही इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वाची चाचणी १९८९ पासून घेतली जाते. तिच्या ॲकॅडेमिक शाखेतील लेखनाच्या पहिल्या प्रश्नात परीक्षार्थीपुढे वृत्तालेख, कोष्टक किंवा तत्सम आकृती ठेवलेली असते. तिच्यातील ठळक गोष्टी निवडून व त्यांची तुलना करून सुमारे २० मिनिटांत निदान १५० शब्दांचे वर्णन लिहावयाचे असते. कारणमीमांसेची वा स्वतःच्या मताची येथे अपेक्षा नसते. ह्या प्रश्नाच्या तयारीसाठी ज्या मार्गदर्शिका व नमुना-उत्तरे प्रचारात आहेत, त्यांत बहुधा शब्दांच्या याद्या दिलेल्या आढळतात. 'नियरली', 'अराउंड', 'रफ्ली', 'जस्ट ओव्हर' हे सारे शब्द अशा यादीत एकाच ओळीत, जणू एकमेकांचे पर्याय म्हणून, बसविलेले असतात. पुनरुक्ती टाळण्यासाठी ते आलटून पालटून वापरावेत, असा सल्लाही सोबत असतो. भाषेच्या दृष्टीने पाहता हा सल्ला सदोष आहे. अदमासदर्शक शब्द हे शैलीचे अलंकार नव्हेत. त्यांतील प्रत्येक शब्द मूळ आकड्याविषयी एक विधान करीत असतो, आणि ते विधान खरे किंवा खोटे ठरू शकते.

प्रथम ह्या शब्दांना असलेली दिशा पाहावी. 'नियरली', 'ऑलमोस्ट' व 'जस्ट अंडर' हे शब्द मूळ संख्या सांगितलेल्या टप्प्याच्या अलीकडे असल्याचे सांगतात. 'जस्ट ओव्हर' ती पलीकडे असल्याचे सांगतो. 'अबाउट', 'अराउंड' व 'रफ्ली' दोन्ही बाजू मोकळ्या ठेवतात. मराठी भाषिकाला हा भेद अपरिचित नाही. 'सुमारे पन्नास' व 'पन्नासेक' ह्यांत दोन्ही बाजू संभवतात. 'जवळजवळ पन्नास' म्हटले की संख्या पन्नासाला पोचलेली नाही असा बोध होतो. ५२ लोक जमले असता 'जवळजवळ पन्नास' कोणी म्हणत नाही. तोच भाषिक इंग्रजीत लिहू लागला म्हणजे ५२ टक्क्यांना 'नियरली हाफ' म्हणून मोकळा होतो, ह्याचे कारण यादीने त्याला शब्द दिला, दिशा दिली नाही.

दिशेचे हे बंधन वृत्तालेखात अधिकच कडक होते, कारण तेथे सर्व पाकळ्यांची बेरीज शंभर भरावी लागते. भारताच्या जनगणनेचे आकडे उदाहरणादाखल घेता येतील. १९५१ साली देशाच्या लोकसंख्येपैकी १७.३ टक्के लोक नागरी भागांत व ८२.७ टक्के ग्रामीण भागांत राहत होते. २०११ साली हेच प्रमाण अनुक्रमे ३१.२ व ६८.८ टक्के झाले. दोन वर्षांचे दोन वृत्तालेख शेजारी शेजारी मांडले, तर परीक्षेतील प्रश्नाचा एक स्वाभाविक नमुना तयार होतो. आता २०११ च्या वर्तुळाविषयी कोणी लिहिले की नागरी लोक 'नियरली वन थर्ड' होते व ग्रामीण लोक 'नियरली सेव्हंटी पर्सेंट' होते, तर ही विधाने सुटी सुटी घेता खपून जातील. परंतु एकत्र वाचणाऱ्याच्या मनात ३३ आणि ७० मिळून १०३ होतात. दोन्ही भाग वरच्या अंगाला ओढल्यामुळे वर्तुळ फुगले आहे. दोनच भागांच्या वर्तुळात एक भाग एखाद्या अपूर्णांकाहून किंचित कमी असेल, तर दुसरा त्याच्या पूरक अपूर्णांकाहून तितकाच अधिक असलाच पाहिजे. म्हणून 'जस्ट अंडर अ थर्ड' म्हटल्यावर दुसऱ्या भागासाठी 'जस्ट ओव्हर टू थर्ड्स' हेच म्हणणे सुसंगत. १९५१ चे १७.३ हे एक षष्ठांशाहून किंचित अधिक आहेत. त्यांना 'ऑलमोस्ट अ फिफ्थ' म्हणण्यात दिशा बरोबर असली तरी अंतर फार राहते.

ह्याहून गंभीर चूक वाक्याच्या कर्त्यात होते. वरील दोन वर्तुळे पाहून 'द रूरल पॉप्युलेशन फेल', म्हणजे ग्रामीण लोकसंख्या घटली, असे वाक्य सहज लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या त्यात वैगुण्य नाही, आणि म्हणूनच ते तपासणाऱ्याच्या नजरेतूनही निसटू शकते. वस्तुतः ते असत्य आहे. १९५१ साली देशाची लोकसंख्या ३६.१ कोटी होती, २०११ साली १२१ कोटी. ग्रामीण लोक सुमारे २९.९ कोटींवरून ८३.३ कोटींवर गेले, म्हणजे पावणेतीन पटींहून किंचित अधिक झाले. घटला तो त्यांचा वाटा. वर्तुळ फक्त वाटा दाखविते. एकूण संख्या आकृतीजवळ वा कोष्टकात दिलेली नसेल, तर संख्येविषयी वाढ-घट काहीच सांगता येत नाही. तेव्हा क्रियापदापूर्वी 'शेअर', 'प्रपोर्शन' किंवा 'पर्सेंटेज' हे नाम येणे हा केवळ शब्दसंपत्तीचा प्रश्न नाही. ते नाम गाळले की विधानाचा विषयच पालटतो. मराठीतील 'पैकी' हा शब्द आधारसंख्येची आठवण सतत जागी ठेवतो: शंभरांपैकी सतरा. इंग्रजीत हे काम 'ऑफ' करते, परंतु उच्चारात ते इतके हलके आहे की शिकणाऱ्याच्या हातून सर्वप्रथम तेच गळते.

दोन वर्षांची तुलना करताना आधाराचा हाच घोटाळा पुन्हा उद्भवतो. नागरी वाटा १७.३ वरून ३१.२ झाला, तो १३.९ टक्केबिंदूंनी वाढला. तो '१३.९ टक्क्यांनी वाढला' म्हटले, तर काटेकोर वाचक १७.३ चे १३.९ टक्के काढील व सुमारे १९.७ ह्या उत्तराशी पोचेल. मूळ वाट्याच्या मानाने खरी वाढ सुमारे ८० टक्के आहे. इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट्स' ही संज्ञा ह्याच भेदासाठी आहे. ती जड वाटल्यास 'फ्रॉम' व 'टू' लावून दोन्ही आकडे द्यावेत. संदिग्धता उरत नाही आणि वाक्यही सोपे राहते.

पटीची भाषाही अशीच निसरडी आहे. नागरी लोकसंख्या ६.२ कोटींवरून ३७.७ कोटी झाली, म्हणजे सहापट झाली. मराठीत 'सहापट झाली' व 'सहा पटींनी वाढली' ही वाक्ये सर्रास एकाच अर्थाने येतात, जरी हिशेबाने दुसऱ्या वाक्यातून सातपट निघावी. इंग्रजीत 'सिक्स टाइम्स मोअर दॅन' विषयी नेमका हाच वाद आहे. 'सिक्स टाइम्स ॲज मेनी ॲज' ह्या रचनेत तो उद्भवत नाही, आणि परीक्षार्थीने तीच पसंत करावी.

शेवटी एका सूक्ष्म दोषाचा उल्लेख करावयास हवा. 'ओन्ली सेव्हंटीन पर्सेंट' किंवा 'ॲज मच ॲज थर्टीवन पर्सेंट' ह्यांतील आरंभीचे शब्द अदमास सांगत नाहीत, अभिप्राय सांगतात. मराठीत 'जेमतेम' आणि 'तब्बल' सांगतात तसा. मत मागितलेले नसताना ते असे आकड्याच्या आडून शिरते. शेजारच्या पाकळीशी तुलना करताना 'ओन्ली' क्षम्य ठरतो, कारण तेथे मोजमाप आकृतीतच असते. तुलनेवाचून एकट्या १७.३ टक्क्यांना तो लावला, तर कशाच्या मानाने कमी, ह्याचे उत्तर आकृतीत कोठेच सापडत नाही.