हेल काढला म्हणजे विनोद होत नाही

रील्सवर सध्या आवाजांची एक जात फोफावली आहे. शहरातला कुणी पोरगा माइकसमोर बसतो, प्रत्येक शब्दाचा ‘आ’ लांबवतो, मधेमधे ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरतो आणि त्या आठ-दहा सेकंदांना ‘गावाकडचा आवाज’ म्हणून बाजारात सोडतो. मग ते दहा सेकंद हजार तोंडांवर चिकटतात. अक्कलकोटच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलं की शेजारच्या मोबाइलांतून हा आवाज ऐकू येतोच, पण बाकावर हसू फुटत नाही. अंगठा वर सरकतो आणि पुढचं रील लागतं. हसणार तरी कशाला? त्या एकाच बाकावर एक जण सोलापुरी ‘बे’ लावून बोलत असतो, दुसरा ‘हौद्री’ म्हणत मान डोलावतो, तिसरा दखनीत कलिंगडाचा भाव करतो. हेलाचं अप्रूप असावं असे इथले कान नाहीत.

आणि तरी याच जिल्ह्यानं या कलेला तिची सर्वांत मोठी चीज दिली. जून २०२२. शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात, आणि सांगोल्याचे शहाजीबापू पाटील फोनवर कार्यकर्त्याला सांगताहेत: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’. पुढचं ‘ओक्के मदी’ सगळ्यांना पाठ आहे. त्या फोनला चित्र नव्हतंच. महाराष्ट्रानं बापूंना ऐकलं ते निव्वळ आवाजात, आणि लगेच आपापली चित्रं त्या आवाजाखाली सरकवली.

त्या वेळी बहुतेकांनी लिहिलं की लोकांना बापूंची ‘रांगडी बोली’ भावली. मला हे निदानच चुकलेलं वाटतं. तो तुकडा पुन्हा कान देऊन ऐका. तीनदा ‘काय’, आणि तिन्ही वेळा वजन पुढच्या नामावर. झाडी, डोंगर ही निसर्गाची चढती कमान. ऐकणारा तिसऱ्या जागी नदी किंवा ढग धरून बसतो, आणि तिथं येतं हाटील. विनोद तिथे होतो. ‘हॉटेल’ असा शुद्ध उच्चार केला असता तरी तो झालाच असता, थोडा कमी गोड झाला असता इतकंच. दुसरी गोष्ट प्रसंगाची. सरकार पडायच्या बेतात आहे, कार्यकर्त्याला आपला नेता कुठे आहे याची काळजी लागलीय, आणि नेता सहलीचं वर्णन करतोय. तेही कोण? सांगोल्यासारख्या कायम पावसाकडे डोळे लावून बसलेल्या तालुक्याचा आमदार. झाडी आणि डोंगर बघून त्याचा जीव खरोखर हरखला असणार, आणि तो खरेपणा आवाजात उतरला आहे.

त्या आवाजाचा पोतही कामी आला. टेलिफोनच्या जुन्या वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टाच पलीकडे जातो. खालचा खर्ज आणि वरची चकाकी छाटली जाते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरलाही खर्ज झेपत नाही. म्हणजे फोनवरचं बोलणं मोबाइलवर ऐकताना फारसं काही हरवत नाही. उलट स्टुडिओत घुमवून केलेला तो ‘गावाकडचा आवाज’ स्टँडच्या गोंगाटात आला की त्यातला भारदस्तपणा गळून पडतो आणि उरतो नुसता लांबवलेला ‘आ’.

बापूंच्या आवाजावरची दोन रील्स मला शेजारी ठेवून दाखवावीशी वाटतात. पहिल्यात मे महिन्यातलं काळं रान आहे, नांगरून टाकलेलं, क्षितिजापर्यंत एक झुडूप नाही. कॅमेरा जागचा हलत नाही. बांधावर एक माणूस पाठमोरा बसलाय. तो ओठ हलवत नाही, हातवारे करत नाही. ‘झाडी’ होते, ‘डोंगार’ होतो, रान तसंच. ‘हाटील’ला तो फक्त मान वळवून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या चहाटपरीकडे बघतो. संपलं. दुसऱ्यात पांढरी टोपी, चिकटवलेल्या मिशा, खांद्यावर टॉवेल. ‘झाडी’ म्हटलं की झाडाचं दृश्य, ‘डोंगार’ म्हटलं की डोंगर, ‘हाटील’ला हॉटेलची पाटी, आणि शेवटी ढबाक असा ठोका. वर हसणाऱ्या तोंडाची चित्रं. आवाज जे सांगतो तेच चित्र सांगू लागलं की दोघांतला एक जण फुकट पगार घेतो, आणि इथे तो आवाज आहे. बिघाड ओळखायची सोपी खूण म्हणजे रील आवाज बंद करून बघायचं: तरीही सगळं कळलं, तर त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

बाकीच्या प्रवाहांबद्दल थोडक्यात. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या संवादांवर ओठ हलवणाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ‘अशी ही बनवाबनवी’चं श्रेय १९८८ सालीच वाटून झालं. कीर्तनातले तुकडे कापून चालवले जातात, पण कीर्तनातला विनोद श्रोत्याला पुढच्या निरूपणाकडे न्यायला असतो. तुकड्यात तो कुठेच नेत नाही.

बोलण्याला ठेका लावणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखातेनं २०२० च्या ऑगस्टमध्ये हिंदी मालिकेतल्या रिकाम्या कुकरच्या चौकशीचं गाणं केलं, तेव्हा त्यानं त्या बाईंच्या बोलण्यातच असलेले चढउतार ओळखले आणि त्यांच्याखाली स्वर ठेवले. ऐकलं आधी, वाजवलं नंतर. पाठीमागून आलेल्यांनी कुणाच्याही बोलण्याखाली एकच तयार ठेका सरकवला. बापूंच्या आवाजाचीही अशी गाणी झाली, आणि प्रत्येकात पहिला बळी गेला तो ‘हाटील’च्या आधीच्या क्षणभराच्या थांब्याचा. ठेका वेळेवर पडायला हवा ना! तो थांबाच विनोदाची उडी मारायची जागा होती.

आता माझा खरा राग सांगतो. हेल विकणारी मंडळी स्वतःला बोलीची सेवा करणारे म्हणवून घेतात. बोलीची सेवा? त्यांचा एकच ‘गावठी’ उच्चार सांगोला, उमरगा, शिरोळ, जत या सगळ्यांच्या नावे खपतो. अक्कलकोटचा माणूस मराठी वाक्याच्या शेवटी सूर कुठे सोडतो आणि कन्नडमध्ये शिरताना तो कुठे उचलतो, हे त्यांना ऐकूच आलेलं नसतं, कारण ऐकण्याआधीच त्यांनी हसायचं ठरवलेलं असतं. त्यात गृहीत धरलेलं असतं की प्रमाण मराठी बोलणाऱ्याला हेल नसतो. सदाशिव पेठेला हेल नाही? पु. लं.नी निव्वळ आवाजावर माणसं उभी केली, ती या माणसाला काय लपवायचंय आणि काय मिरवायचंय हे त्यांच्या कानाला कळत होतं म्हणून. कोकणी म्हाताऱ्याचा उच्चार हे तिथं साधन होतं, माल नव्हता.

आणि त्या कार्यकर्त्याचं काय? रीलसाठी कापताना बहुतेक जण त्यालाच आधी छाटतात. बापू त्याच्यामुळे बोलत होते, त्याला खूश करायला बोलत होते. त्याला काढलं की उरतो तो एकटाच बडबडणारा खेडवळ माणूस, म्हणजे नेमकं हेल विकणाऱ्यांना हवं असलेलं सोंग. दोन सेकंद जास्त जातील म्हणून ही कापाकापी, असं कारण देतात. रीलची मर्यादा सुरुवातीला पंधरा सेकंद होती तेव्हा ते पटलंही असतं. आता त्याहून कितीतरी लांब रीलमध्येही त्या बिचाऱ्याच्या हुंकाराला जागा होत नाही, आणि ढबाकला होते.