केबल सात किलोमीटरची, चूक दोन मिलिसेकंदांची

परळहून गिरगावकडे जाणारी 33 केव्हीची भूमिगत केबल घ्या. वळणे धरून ती सात किलोमीटर भरेल. तिच्या रक्षणाचे तत्त्व 1904 मध्ये मर्झ आणि प्राइस यांनी मांडले: एका टोकाने आत गेलेला करंट दुसऱ्या टोकाने बाहेर पडला पाहिजे. फरक पडला तर दोष केबलमध्येच आहे, दोन्हीकडचे ब्रेकर पाडा.

ही तुलना आधी तांब्याच्या पायलट वायरवरून व्हायची. फिरत्या करंटच्या पद्धतीत पायलट शॉर्ट झाली की रिले मुका होतो, आणि तुटली की नुसत्या भारावरही ब्रेकर पाडू शकतो. ज्या शहरात रस्ता बारा महिने खोदलेला असतो, तिथे हा दोष लहान नाही. फायबर आले ते बरेच झाले.

पाठ्यपुस्तके मात्र चार्जिंग करंटचीच भीती घालतात. केबल हा लांबलचक कपॅसिटर असल्याने थोडा करंट आतच मुरतो आणि रिलेला तो फरक वाटतो. आपल्या केबलची धारिता किलोमीटरला पाव मायक्रोफॅरड धरली तर हा करंट किलोमीटरला दीड अँपिअर, म्हणजे एकूण साधारण दहा. सी.टी. 400 अँपिअरची आणि रिलेची किमान मर्यादा तिच्या वीस टक्के, म्हणजे 80 अँपिअर, असेल तर हे दहा अँपिअर खिजगणतीतही नाहीत. 220 केव्हीच्या वीस किलोमीटर केबलवर हाच आकडा दीडशेच्या पुढे जातो. तिथे मर्यादा वाढवली तर कमी करंटचे दोष सुटतात. म्हणून प्रत्येक टोकाचा रिले व्होल्टेजवरून चार्जिंग करंट मोजून त्याचा अर्धा वाटा वजा करतो. 33 केव्हीवर हा खटाटोप मला निरर्थक वाटतो.

खरा धोका वेळेचा आहे, आणि तोही विलंबाचा नव्हे, असमान विलंबाचा. रिले निरोपाच्या जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजतो आणि त्याचे निम्मे एकेरी विलंब मानतो. थेट फायबरवर किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात आणि दोन्ही दिशांना सारखेच, त्यामुळे प्रश्नच नाही. पण तोच निरोप सामायिक एसडीएच रिंगमधून पाठवला आणि दोषानंतर रिंगने एकच दिशा लांबच्या वाटेने वळवली, तर जाताना 2 आणि येताना 6 मिलिसेकंद लागू शकतात. रिले दोन्हीकडे 4 धरतो, म्हणजे 2 मिलिसेकंदांची चूक होते. 50 हर्ट्‌झला ती 36 अंश भरते. केबल निर्दोष असूनही भार 300 अँपिअर असेल तर खोटा फरक सुमारे 185 दिसतो. 80 अँपिअरची मर्यादा आणि भाराच्या तीस टक्के, म्हणजे 90, मिळून रिलेची सहनशक्ती 170. ब्रेकर पडतात.

हे दोन फरक ओळखणे अवघड नाही. रिलेच्या पडद्यावरचा फरक रात्री भार उतरला की उतरत असेल आणि दोन टोकांच्या करंटमधला कोन 180 पासून ढळलेला असेल, तर वाट असमान आहे. भार कितीही बदलला तरी फरक जागचा हलत नसेल, तर तो चार्जिंग करंट. जीपीएसच्या घड्याळाने असमानतेवर मात करता येते, पण दाट वस्तीतल्या इमारतीच्या तळघरात सबस्टेशन असेल तर अँटेना मोकळ्या आकाशापर्यंत न्यायची आणि ती नीट राखायची, हे वेगळेच काम मागे लागते. सात किलोमीटरसाठी स्वतंत्र फायबरची जोडी मिळत असेल, तर रिंगमधली जागा रिलेसाठी मागूच नये.