विरामात रमणे : ‘दोल्चे फार निएन्ते’ आणि आपली दुपार

अंधेरीच्या एका कॉफीगृहाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या वळणदार अक्षरांत ‘दोल्चे फार निएन्ते’ असे रंगवलेले आहे. त्या अक्षरांखाली बसलेली मंडळी मात्र लॅपटॉप उघडून, कानांत यंत्रे घालून कुणाशी तरी ‘कॉल’वर बोलत असतात. या विसंगतीवर विनोद करणे सोपे आहे आणि तो अनेकांनी केलाही असेल. मला कुतूहल वाटले ते त्या शब्दांचे. आराम हे स्वतःच एक सुख आहे, त्याला वेगळे कारण लागत नाही, असे इतक्या थोडक्यात सांगणारे शब्द आपल्याकडे आहेत का, असा प्रश्न पडला आणि मी कोश काढून बसलो.

प्रथम या शब्दांचे व्याकरण पाहू. दोल्चे म्हणजे गोड, फार म्हणजे करणे आणि निएन्ते म्हणजे काही नाही. यातले ‘फार’ हे ‘फारे’ या क्रियापदाचे आखूड केलेले रूप असून येथे ते नामासारखे वापरले आहे. इंग्रजीत याचे भाषांतर ‘गोड आळस’ अशा अर्थाने करतात, पण त्यात मूळची गंमत हरवते. मुळात आळस नाहीच. तिथे ‘करणे’ आहे, फक्त जे करायचे ते ‘काही नाही’ एवढेच आहे. आळस हा दोष म्हणून माणसाला चिकटतो, तर करणे ही माणसाने हाती घेतलेली गोष्ट असते. ‘आज दुपारी काय केलेत?’ या प्रश्नाला ‘काही-नाही केले, आणि ते गोड लागले’ असे बिनदिक्कत उत्तर देता यावे, अशी ही रचना आहे.

याचा अर्थ इटालियन माणूस जन्मतः निवांत असतो असा मात्र कुणी काढू नये. आळस हा सर्व दुर्गुणांचा बाप, ही म्हण इटालियनमध्येही आहे. मुसोलिनीच्या राजवटीने तर १९२५ मध्ये कामगारांच्या फावल्या वेळाची व्यवस्था पाहणारी ‘दोपोलावोरो’ नावाची संस्थाच उभी केली. त्या नावाचा अर्थच ‘कामानंतर’ असा आहे. रिकामा माणूस सत्तेला तिथेही खपला नाही.

या कल्पनेचा माग थेट लॅटिनपर्यंत नेता येतो. रोमन लेखक धाकटा प्लिनी याच्या पत्रसंग्रहाच्या आठव्या भागात एक छोटे पत्र आहे. कितीतरी दिवसांत पुस्तक हाती धरलेले नाही, लेखणी उचललेली नाही, आणि ते सुस्त असले तरी आनंददायी असे ‘काही न करणे’ काय असते हेही आपण विसरून गेलो आहोत, असे तो मित्राला कळवतो. कारण काय, तर मित्रांची कामे! म्हणजे या सुखाचा हा जुना उल्लेख ते सुख ज्याला मिळत नाही अशा एका कामसू वकिलाचा आहे. पुढेही तेच घडले. या नावाची गाजलेली चित्रे काढणाऱ्यांत गॉडवर्ड हा इंग्रज (१९०४) आहे आणि सार्जंट हा अमेरिकन. (गॉडवर्डच्या चित्रात निवांत पहुडलेल्या स्त्रीने त्या पोझमध्ये तासन्‌तास न हलता राहून मजुरी कमावली असणार, हे चित्र पाहणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही.) अलीकडे हे शब्द जगभर पोचले ते ‘ईट प्रे लव्ह’ या २०१० च्या हॉलिवूड चित्रपटामुळे. तिथे एका दमलेल्या अमेरिकन बाईला त्यांचा अर्थ कळतो तो रोममधल्या न्हाव्याच्या दुकानात.

न्हाव्याचे दुकान म्हटल्यावर आपल्याला आठवते ती ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण. तुंबडी म्हणजे दूषित रक्त ओढून काढण्याचे शिंग. गिऱ्हाईक नाही म्हणून भिंतीचे रक्त काढू पाहणारा हा न्हावी आपल्याला हास्यास्पद वाटतो. पण जरा त्याच्या बाजूने पाहावे. त्याला रिकामे बसण्याची मुभाच नाही. बसला तर तो रिकामटेकडा ठरणार, म्हणून तो निरर्थक का होईना पण काम करतो. म्हणीने हसायला हवे होते ते त्याला बसू न देणाऱ्यांना. ती हसते त्याला.

आपले इतर शब्द तपासले तरी हेच दिसते. ‘विश्रांती’त श्रम दडलेले आहेत. आधी दमल्याशिवाय ती घेता येत नाही, म्हणजे ती एक प्रकारची मजुरीच झाली. ‘विसावा’ वाटेवरचा, पुढे चालायचे आहे हे गृहीत धरून घेतलेला. आणि ‘वामकुक्षी’, जिच्यावरून पुणेकरांची इतकी चेष्टा होते, ती तर औषधात मोडते. वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर शतपावली करून डाव्या कुशीवर थोडे आडवे व्हावे, म्हणजे अन्न नीट पचते, असा हा विधी. आयुर्वेद दिवसा झोपण्याच्या बाजूचा नाही. दिवसाच्या झोपेने कफ वाढतो म्हणून तो ती निषिद्ध मानतो, आणि निरोगी माणसाला मुख्यतः उन्हाळ्यापुरती सवलत देतो. म्हणजे वामकुक्षी घेणाऱ्याने लोळायचे तेही पोटाच्या कल्याणासाठी. गोडीचा उल्लेख कुठेही नाही.

इथपर्यंत आल्यावर मराठी भाषा या बाबतीत कोरडी आहे असा निष्कर्ष काढून मी थांबणार होतो. पण ‘आराम’ हा शब्द राहिला होता. मराठीत आज आपण तो ज्या अर्थाने वापरतो, तो फारसीतून आला. संस्कृतातही ‘आराम’ आहे, आणि तिथे त्याचा अर्थ उपवन, जिथे मन रमते ती जागा. फारसी आणि संस्कृत या एका कुळातल्या भाषा आहेत आणि हे दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूकडे जातात. तो धातू ‘रम्’. या धातूला संस्कृतात दोन अर्थ आहेत. एक थांबणे, स्थिरावणे, ज्यातून ‘विराम’ आला. दुसरा आनंद घेणे, ज्यातून ‘रमणे’, ‘रम्य’ आणि ‘मनोरम’ आले. थांबणे आणि सुखावणे यांना जुन्या भाषेने एकाच मुळात ठेवले होते. आपण त्यांची ताटातूट केली. विराम चिन्हांकडे गेला, रमणे छंदांकडे गेले आणि आराम डॉक्टरच्या चिठ्ठीवर गेला. ‘दोल्चे फार निएन्ते’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याने ‘गोड आळस’ वगैरे कसरती करण्यापेक्षा ‘विरामात रमणे’ म्हणावे, असे मी सुचवीन.

गोव्याचा ‘सुशेगाद’ इथे आठवतोच. पोर्तुगीज ‘सोसेगादु’, म्हणजे शांत, निश्चिंत, यावरून तो कोकणीत आला. आज पर्यटनाच्या जाहिराती तो आळशी समुद्रकिनाऱ्याच्या अर्थाने वापरतात. पण मुंबईकराला गोवेकर भेटत आला तो धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहांमध्ये, बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत खाटेवर बसलेला. खलाशी, आचारी, वादक म्हणून त्याने वर्षे काढली, आणि गावातल्या कित्येक निश्चिंत दुपारी त्याने पाठवलेल्या पैशांवर उभ्या राहिल्या. इटलीचे जसे झाले तसेच गोव्याचेही झाले. निवांतपणाचे चित्र पाहुण्यांनी रंगवले आणि कष्ट चौकटीबाहेर राहिले.

मुंबईत तर निवांतपणा मागून, भांडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि मधली अर्धा तास सुटी दोन्ही आल्या. अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की रविवार हा खंडोबाचा वार आहे हा युक्तिवाद या मागणीमागे होता. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘मला बसायला आवडते’ असे म्हणून सुट्टी मिळाली नसती. देवाला पुढे करावे लागले. लोखंडे धोरणी होते आणि त्यांचे बरोबरच होते. मात्र त्या युक्तिवादाचा ठसा आपल्या रविवारवर राहिला असे मला वाटते. रविवार कशासाठी तरी असावा लागतो.

आमचे घर मुलुंडचे. वडील गिरणीतून निवृत्त होऊन लालबागच्या चाळीतून इकडे आले. चाळीत सामाईक गॅलरी होती. तिथे कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘काय करतोस?’ विचारत नसे, कारण उभे राहणे हेच तिथले काम होते. मुलुंडच्या ब्लॉकला बाल्कनी होती. ती दोन वर्षांत काचा लावून आत घेतली आणि तिथे माझे अभ्यासाचे टेबल आले. उपनगरातल्या आमच्या पिढीच्या बहुतेक बाल्कन्या अशाच संपल्या. त्यांच्याबरोबर घरातली विनाकारण उभे राहण्याची एकमेव जागाही संपली.

रविवारी वडील जेवून दोनला आडवे होत ते साडेचारच्या चहाला उठत. आईची भांडी पावणेतीनला आवरत. मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून बसे. चहाचे आधण ठेवायला चार वाजत, म्हणजे सव्वा तास तिचा. पण त्या सव्वा तासात तिच्या पुढ्यात कायम ताट असे, तांदळाचे किंवा लसणीचे. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घेई, हे मला फार उशिरा लक्षात आले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. त्या पाहणीत आईचा तो सव्वा तास कामातच धरला गेला असता. माझ्या मते तो कामाचा नव्हता. ताट ही तिची तुंबडी होती. कुणी पाहिले तर हात चालू दिसावेत एवढ्यासाठी ते पुढ्यात होते. बोटे संथ फिरत, नजर खिडकीबाहेरच्या गुलमोहोरावर असे, आणि मध्येच हाक मारली तर ती दचके.

वडील गेल्यावर, आता तांदूळ पाकिटातून निवडलेलाच येतो तेव्हा, ती त्याच जागी बसते. गुडघ्यांमुळे जमिनीवर नव्हे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. पहिले काही महिने मांडीवर वर्तमानपत्र असायचे. हल्ली तेही नसते. परवाच्या रविवारी मी विचारले, ‘‘आई, काय करतेस गं?’’ ‘‘काही नाही,’’ म्हणाली, आणि ताटाकडे हात नेल्यासारखा तिचा हात किंचित हलला. मग तो मांडीवरच राहिला. चहाला त्या दिवशी पाच वाजले.