दहा बागांचा उतारा

विधी प्रवेश परीक्षेतला तर्काचा प्रश्न चांगला जमला की तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. त्याची घडण उलगडून पाहावी म्हणून आपल्या परतवाड्याच्या मातीतलाच एक उतारा मी रचला आहे.

‘गावातल्या दहा संत्रा बागांत गेल्या वर्षी ठिबक बसवले. आंबिया बहराची फळगळ या दहा बागांत इतर बागांपेक्षा कमी झाली. म्हणजे गावातल्या सगळ्या बागांत ठिबक बसवले, तर गावाची फळगळ कमी होईल.’ प्रश्न असा: हा युक्तिवाद कोणत्या न सांगितलेल्या गृहीतकावर उभा आहे?

अ) ठिबकाचा खर्च शेतकऱ्यांना परवडतो. ब) फळगळ फक्त पाण्याच्या कमीजास्तीमुळे होते. क) त्या दहा बागांत ठिबकाआधीपासूनच इतरांपेक्षा कमी फळगळ होत नव्हती. ड) ठिबकामुळे फळाला चांगला भाव मिळतो.

‘अ’ हा भला पर्याय आहे आणि म्हणूनच फसवा आहे. ठिबक बसवावे की नाही, असा वाद असता तर खर्चाचा मुद्दा आलाच असता. पण उतारा तेवढे म्हणतच नाही. ‘बसवले, तर गळ कमी होईल’ एवढाच त्याचा दावा आहे. खर्च कोणालाही परवडला नाही, तरी त्या ‘तर’ला धक्का लागत नाही. ‘ड’ भावाबद्दल बोलतो आणि उताऱ्यात भावाचा विषयच नाही, तेव्हा तो लगेच बाजूला पडतो.

खरी कारागिरी ‘ब’मध्ये आहे. तो मान्य केला तर युक्तिवादाला बळ मिळते, म्हणून हात तिकडे वळतो. पण विचारले आहे ते युक्तिवादाला काय लागतेच, याबद्दल. इथे कसोटी एकच: पर्याय उलटा करून पाहायचा. ‘फळगळ फक्त पाण्यामुळे होत नाही’ असे म्हणा. रस शोषणारा पतंग फळाला छिद्र पाडतो, बुरशीने फळ सडते, अन्नद्रव्ये कमी पडतात. हे सगळे खरे असले तरी पाण्यामुळे होणारी गळ ठिबकाने कमी होऊ शकते. युक्तिवाद जागेवर राहिला, म्हणजे ‘ब’ त्याला आवश्यक नव्हता. त्यातला ‘फक्त’ हा शब्द परीक्षकाने मुद्दाम पेरलेला असतो.

आता ‘क’ उलटा करा. त्या दहा बागांत ठिबकाआधीही गळ कमीच होती. कदाचित त्यांची जमीन पाण्याचा निचरा होणारी असेल, आणि बाकीच्या बागा पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत डिंक्याने पोखरलेल्या असतील. मग कमी गळीचे श्रेय ठिबकाला कशाच्या आधारावर द्यायचे? पुरावा हातातून सुटला आणि निष्कर्ष लोंबकळत राहिला. उत्तर ‘क’.

‘क’ची शब्दरचना किती मोजकी आहे, हेही पाहण्यासारखे आहे. तिथे ‘दहा बागांत आणि इतरांत ठिबकाशिवाय दुसरा कोणताही फरक नव्हता’ असे लिहिले असते, तर तो पर्याय चुकला असता. एखाद्या बागेचे कुंपण वेगळे असले म्हणून युक्तिवाद पडत नाही. फळगळीशी संबंध असलेला फरक हवा. अतिव्याप्त विधान बरोबर उत्तराच्या अगदी शेजारी उभे असते आणि घाईतला वाचक तेच उचलतो. क्लॅटमध्ये 2 तासांत 120 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, त्यामुळे ही घाई महाग पडते.

ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्या मुलाला हा उतारा सोपा जाईल की अवघड? माझ्या मते दोन्ही. ठिबकाने गळ खरोखर थांबते की नाही हे त्याला ठाऊक असते, आणि तो त्या ज्ञानावर उत्तर देऊन बसतो. प्रश्न मात्र विधान आणि निष्कर्ष यांच्यातल्या सांध्याबद्दल आहे. तेच ज्ञान पर्याय उलटा करताना वापरले, तर कमी गळीची दुसरी कारणे त्याला शहरातल्या मुलाच्या आधी सुचतील. घरच्या ज्ञानाची जागा ही आहे.

आणि दुसरी कारणे शोधण्याची ही सवय वकिलीला लागते. परिस्थितिजन्य पुराव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या पुण्याच्या खटल्यात पाच तत्त्वे सांगितली. त्यांना पंचशील म्हणतात. त्यातले एक असे की सिद्ध करायच्या गोष्टीखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता पुराव्याने बाद झाली पाहिजे. नवविवाहितेच्या मृत्यूच्या या प्रकरणात खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला खुनासाठी दोषी धरले होते. मृत्यू आत्महत्येचा असण्याची शक्यता पुराव्याने बाद होत नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली.