फळीवरचा बाप्पा

भाद्रपद जवळ आला की तेच मीम दरवर्षी नव्या चेहऱ्याने परत येतं. आरती चालू असते, टाळ्या जोरात असतात, आणि कुणीतरी मनापासून, डोळे मिटून, 'फणिवरबंधना'च्या जागी 'फळीवर वंदना' म्हणतं. मग 'संकटी'चं 'संकष्टी' होतं, 'उटी'ची 'ओटी' होते, 'सदना'चा 'सजणा' होतो. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग लागते. तिच्या मध्येच कुणीतरी लिहितं, "देवाची चेष्टा थांबवा." दुसरा लिहितो, "आधी आरती नीट शिका."

माझं म्हणणं असं की हे मीम वाईट नाही. त्याला दिली जाणारी उत्तरं मात्र बहुतेक वेळा वाईट असतात. हसायचं की नाही हा प्रश्नच नाही, हसू तर येतंच. प्रश्न हा आहे की त्या रीलमध्ये आपण नेमकं कशाला हसतोय.

ही चूक होते कशी, ते आधी पाहू. मूळ शब्द फणिवरबंधना. फणी म्हणजे फणा असलेला, नाग. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. त्याचं बंधन ज्याच्या पोटाला आहे, तो गणपती. हा एक अखंड सामासिक शब्द आहे, पण टाळ्यांच्या ठेक्यात तो 'फणिवर' आणि 'बंधना' असा मधोमध तुटतो. तुटला की 'वर' या अक्षरांचा अर्थ बदलतो. टेबलावर, झाडावर यातला रोजचा 'वर' कानाला ऐकू येतो. आता कशाच्या तरी वर म्हटल्यावर आधी ओळखीची वस्तू हवी. 'फणी'च्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे फळी. उरलेल्या 'बंधना'चं 'वंदना' होणं तर अगदी सोपं, कारण त्याच कडव्याच्या शेवटी 'वंदना' हा शब्द येतोच. मेंदू तो आधीच उचलून इथे बसवतो.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे मोबाइलच्या ऑटोकरेक्टसारखं वाटतं. शब्दकोशात नसलेला शब्द आला की जवळचा ओळखीचा शब्द बसवायचा. फरक एवढाच की ऑटोकरेक्टला अर्थाशी देणंघेणं नसतं, आणि इथे अर्थ लागलाय. आपल्याकडे कितीतरी घरांत देव खरोखरच फळीवर असतात. लहान मुलाने मान वर करून जे पाहिलं, तेच त्याला आरतीत ऐकू आलं. ही निष्काळजी नव्हे. न कळलेल्या शब्दाला आपल्या घरात जागा करून देणं आहे.

'संकष्टी'चंही तसंच. घरात दर महिन्याला संकष्टीचा उपास असतो, म्हणून तो शब्द जिभेवर तयार असतो. अर्थ मात्र बदलतो. मूळ मागणी आहे संकटाच्या वेळी धावून ये, अगदी निर्वाणीच्या क्षणी सांभाळ. 'संकष्टी' म्हटलं की देवाची ड्युटी महिन्यातून एक दिवसावर येते. हा विनोद कुणालाही न दुखावता करता येतो. गंमत म्हणजे संकष्टी या शब्दातही कष्ट आहेच, त्यामुळे चुकणारा भावार्थापासून फार लांब गेलेला नसतो.

आणि 'सजणा'? 'दास रामाचा' ही समर्थ रामदासांची सही आहे, आणि हा दास आपल्या सदनात, म्हणजे घरी, देवाची वाट पाहतोय. 'सावधान' ऐकताच लग्नमंडपातून निघून गेल्याची कथा ज्यांच्या नावावर आहे, त्यांना आपण सजणाची वाट पाहत बसवलं! ज्याला ही कथा माहीत आहे, तो या चुकीवर सगळ्यांत मोठ्याने हसेल, आणि त्याच्या हसण्यात रामदास जरासुद्धा लहान होणार नाहीत. माहितीतून आलेला विनोद बहुधा असाच असतो.

आता वाईट उत्तरांकडे येऊ. पहिलं म्हणजे चेहऱ्यावर झूम. मंडळात मागे उभी असलेली एखादी आजी किंवा बेंबीच्या देठापासून ओरडणारा लहान मुलगा, यांचं तोंड न विचारता शूट करायचं आणि चुकीच्या शब्दावर व्हिडिओ थांबवायचा. इथे विनोद शब्दावरून माणसावर सरकला. ओळखायची खूण सोपी आहे. आवाज बंद करून ते रील पाहा. तरीही हसवायचा प्रयत्न दिसत असेल, तर मीम आरतीवर नाही, त्या माणसाच्या भक्तीवर आहे.

दुसरं वाईट उत्तर वरवर सभ्य दिसतं. 'शुद्ध आरती अशी म्हणा' या मथळ्याचं. शब्दांचे अर्थ सांगणारं असेल तर उत्तमच. पण त्यातली काही उच्चारांवर घसरतात, आणि तिथे मी रावेरचा म्हणून अडतो. आमच्याकडे लेवा गणबोलीत पाणी हे 'पानी' असतं आणि लोणी हे 'लोनी'. आमची आजी 'फनिवरबंधना' म्हणाली, तर तिचं काहीही चुकलेलं नाही. शब्द तोच, नाग तोच, फक्त 'ण' आमच्या मातीतला. 'फळीवर' म्हटलं की शब्द बदलतो आणि नाग गायब होतो. पहिली बोली आहे, दुसरी ऐकण्यातली चूक. या दोन्हींना एकाच लाल फुलीखाली टाकणारं रील आरती शुद्ध करत नाही. देवासमोर कुणाची भाषा चालेल हे ठरवायला बसतं.

मग चांगलं उत्तर कसं असतं? अशा रीलचा एक साचा मला पटतो. चूक स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या आवाजात. ती कशी झाली हे दोन वाक्यांत. शेवटी मूळ शब्दाचा अर्थ, आणि जमलं तर नागपट्टा दिसेल अशी मूर्ती. तीस सेकंदांत हे बसतं. मूर्ती शेवटी येते ती अर्थ दाखवायला. तिच्यावर गॉगल चढवून तिलाच पंचलाइन केलं, की बघणारा नाग पाहतच नाही, गॉगल पाहतो. म्हणजे जे सांगायचं होतं तेच झाकलं गेलं.

आणि तो नाग पाहण्यासारखा आहे. लोककथेत गणपती मोदक खाऊन उंदरावरून निघतो, वाटेत साप दिसल्याने उंदीर बिचकतो, गणपती पडतो आणि पोट फुटतं. तो तोच साप उचलून पोटाला बांधतो. वरून चंद्र हे पाहून हसतो आणि शाप ओढवून घेतो. म्हणून चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सगळ्यांत जास्त चुकवला जाणारा शब्द नेमका हसण्याच्याच गोष्टीतून आलेला आहे. या गोष्टीत शाप मिळाला तो पडलेल्याला वरून पाहून हसणाऱ्याला. मोदक, फुटलेलं पोट आणि सापाचा पट्टा ऐकून आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो, त्याबद्दल कुणालाही शाप मिळालेला नाही.