कण बारीक केले, तर धातू किती बळकट होतो?

कमी कार्बनच्या साध्या पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा केला, त्यावर नायटल म्हणजे अल्कोहोलात मिसळलेले थोडे नायट्रिक आम्ल लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एकमेकांना चिकटलेले बहुकोनी कण दिसतात. प्रत्येक कण हा एक स्फटिक असतो आणि शेजारच्या कणात अणूंच्या रांगांची दिशा बदललेली असते. हे कण जितके बारीक, तितका ते पोलाद कायमचे वाकायला जास्त ताण लागतो. या ताणालाच यील्ड स्ट्रेंग्थ म्हणतात. साधे पोलाद यील्ड कसे होते याचा अभ्यास करताना ई. ओ. हॉल यांनी १९५१ साली, आणि ते ठिसूळपणे कसे तुटते याचा अभ्यास करताना एन. जे. पेच यांनी १९५३ साली, या निरीक्षणाला एकच सूत्र दिले:

σy = σ0 + k / √d

यात d हा कणाचा सरासरी व्यास. σ0 म्हणजे कणांच्या सीमा वगळता, कणाच्या आतच होणारा विरोध. k हा सीमा किती आडकाठी करतात याचा आकडा. सत्तर वर्षांनंतरही हे सूत्र प्रत्येक धातुशास्त्राच्या पुस्तकात आहे. माझी तक्रार सूत्राबद्दल नाही. k हा पोलादाच्या घनतेसारखा ठरलेला आकडा आहे असे समजून तो तक्त्यातून उचलण्याची जी सवय लागली आहे, तिच्याबद्दल आहे.

आधी सूत्राचा अर्थ पाहू. धातू वाकतो तेव्हा अणूंच्या रांगांमधले दोष, म्हणजे डिसलोकेशन, कणाच्या आत सरकत जातात. सीमेपाशी पोचल्यावर पलीकडची दिशा वेगळी असल्याने ते अडतात आणि मागून येणारे त्यांच्यामागे साचतात. बंद फाटकासमोर गर्दी वाढली की मागच्यांचा सगळा रेटा पुढच्या माणसावर येतो, तसा साचलेल्या डिसलोकेशनचा ताण सीमेवर एकवटतो आणि शेवटी पलीकडच्या कणात सरकण सुरू होते. कण लहान असेल तर साचायला जागा कमी, म्हणून रेटा कमी. तो भरून काढायला बाहेरून जास्त ताण द्यावा लागतो. या चित्राचे गणित केले की वर्गमूळ आपोआप येते.

आता प्रत्यक्ष अंदाज करू. साध्या पोलादासाठी पुस्तकात σ0 सुमारे ७० मेगापास्कल आणि k सुमारे ०.७४ मेगापास्कल·√मीटर दिलेला असतो. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा तर हाच k २३.४ होतो. कण ४० मायक्रॉनचे, म्हणजे ०.०४ मिलिमीटरचे असतील तर १/√d बरोबर ५. ते १० मायक्रॉनचे केले तर १०. बदल हवा असेल तर σ0 वजाबाकीत निघून जातो, म्हणून वाढ २३.४ गुणिले ५, म्हणजे ११७ मेगापास्कल. यील्ड स्ट्रेंग्थ १८७ वरून ३०४ वर गेली. व्यास चौथ्या हिश्शावर आला, पण बळ दुप्पटही झाले नाही. मात्र तेच कण पुन्हा चौपट बारीक करून २.५ मायक्रॉनवर आणले तर आणखी २३४ मेगापास्कल मिळतील. खरी कमाई बारीक टोकाकडे आहे आणि तिथेच हा अंदाज सर्वांत कच्चा आहे.

पहिला कच्चेपणा मोजमापातला. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर रेघ ओढून ती किती सीमा छेदते हे मोजले की सरासरी छेदलांबी मिळते. कणाचा खरा त्रिमितीय व्यास तिच्या सुमारे दीडपट असतो. k एका पद्धतीच्या व्यासावर काढलेला आणि आपला व्यास दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर केवळ त्यामुळे साधारण २२ टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय १० मायक्रॉनच्या जागी १२ वाचले गेले, तर वरची ११७ ची वाढ ९७ वर येते. नायटल कमी पडले आणि काही सीमा दिसल्याच नाहीत, तर असे सहज घडते.

दुसरा कच्चेपणा याहून गंभीर आहे, कारण तो खुद्द k मध्येच आहे. कार्बन आणि नायट्रोजन जवळजवळ काढून टाकलेल्या फेराइटी लोखंडात k साध्या पोलादाच्या मानाने फारच कमी येतो. त्यात दशलक्षात काही दहा भाग इतका कार्बन विरघळलेल्या अवस्थेत राहू दिला, की तो सीमांवर जाऊन बसतो आणि k कित्येक पटींनी वाढतो. नायट्रोजनचा परिणाम मात्र तितका होत नाही. म्हणजे k हा लोखंडाचा गुण नाही, त्या सीमेवर काय बसले आहे याचा गुण आहे. वरच्या उदाहरणात k ०.७४ ऐवजी ०.२ धरला, तर ११७ ची वाढ ३२ वर येते. मोटारींच्या पत्र्यांसाठी कार्बन बांधून टाकलेले पोलाद वापरतात. त्याचा हिशेब साध्या पोलादाच्या k वर करणे म्हणजे पत्रा कागदावर बळकट करणे होय.

कण बारीक करण्याची प्रक्रिया आणखी एक गुंता करते. थंड अवस्थेत जोरकस रोलिंग केले की कण बारीक होतात, पण त्याबरोबर डिसलोकेशनची गर्दीही वाढते आणि σ0 स्थिर राहत नाही. मग वजाबाकीत तो निघून जातो हे गृहीतच कोसळते, आणि डिसलोकेशनमुळे आलेले बळ कणांच्या नावावर जमा होते. हे ओळखायचा साधा मार्ग आहे: नमुना इतक्या कमी तापमानाला तापवायचा की कण वाढणार नाहीत पण डिसलोकेशन विरून जातील, आणि चाचणी पुन्हा करायची. बळ बरेच उतरले तर ते कणांचे नव्हते. पण या कसोटीलाही सीमा आहे. हुआंग, हान्सेन आणि त्सुजी यांनी २००६ साली सायन्समध्ये दाखवले, की एक मायक्रॉनच्या आतल्या कणांचे अ‍ॅल्युमिनियम हलके तापवल्यावर मऊ न होता कडक होते आणि थोडे वाकवल्यावर मऊ होते. इतक्या लहान कणात मोकळे डिसलोकेशन संपले की सरकण सुरू करायलाच ताण लागतो. साचण्याचे चित्र तिथे लागू पडत नाही.

याहून खाली, काही दहा नॅनोमीटरवर, गोष्ट उलटू शकते. चोकशी, रोझेन, कार्च आणि ग्लाइटर यांनी १९८९ साली तांबे आणि पॅलेडियमच्या नॅनोकणी नमुन्यांत कण लहान होताना कडकपणा घटल्याचे नोंदवले. त्या काळचे नमुने पावडर दाबून केलेले असत, त्यांतल्या छिद्रांचा वाटा किती यावर पुढे पुष्कळ वाद झाला. नंतर संगणकी प्रतिकृतींत तांब्याचे बळ १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपास कळसाला पोचते आणि त्याखाली सीमाच घसरू लागतात असे दिसले. कारखान्यात मात्र अडचण त्याच्या खूप आधी येते: सुमारे एक मायक्रॉनहून बारीक कणांचे पोलाद ताणले की यील्ड होताच एका ठिकाणी बारीक होऊन तुटायला लागते, कारण वाकताना कडक होत जाण्याची त्याची क्षमता संपलेली असते. यील्ड स्ट्रेंग्थचा आकडा वाढतो, पण तो पत्रा साच्यात ओढता येत नाही.

या क्षेत्रातली अलीकडची सर्वांत मोलाची टीका मला डनस्टन आणि बुशबी यांची वाटते. त्यांनी २०१४ साली जुनी प्रसिद्ध मोजमापे पुन्हा तपासली आणि दाखवले की त्यांवरून वर्गमूळच खरे असे सिद्ध होत नाही. व्यासाच्या साध्या व्यस्ताशी लॉगरिथम जोडलेले सूत्रही तितकेच बसते. कणांचा पल्ला अरुंद असेल तर जवळजवळ कुठलेही सूत्र सरळ रेषा देते. म्हणून १० ते ५० मायक्रॉनमधल्या मोजमापांवरून काढलेला k त्याच पल्ल्यात, त्याच रसायनाच्या धातूसाठी विश्वासाने वापरावा. त्यावरून एक मायक्रॉनचे बळ वर्तवू नये. नवीन पोलादासाठी अंदाज करायचाच असेल, तर एकाच वितळणीतले, वेगवेगळ्या कणांचे किमान चार-पाच नमुने सारखे तापवून, सारख्याच वेगाने थंड करून घ्यावेत आणि स्वतःचा k काढावा. थंड होण्याचा वेग बदलला की सीमेवरचा कार्बन बदलतो, आणि त्याबरोबर k सुद्धा.