गडगडाटाला जागा देणारी अंगाई

आपल्या अंगाईगीतांतलं आभाळ बहुधा शांत असतं. मधुसूदन कालेलकरांनी लिहिलेलं आणि सुमन कल्याणपूरांनी गायलेलं ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे गाणं आजही घरोघरी म्हटलं जातं, पण त्यात चंद्र झोपी गेलेला असतो. पाऊसगाणी आहेत, तीही दिवसाची. ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटातलं गदिमांचं ‘नाच रे मोरा’ पोराला अंगणात ओढतं. मृगाच्या रात्री वीज कडाडली आणि पोर दचकून उठलं, तर त्याला काय म्हणून दाखवायचं? ध्वनिमुद्रित बालगीतांत ही जागा जवळपास रिकामी आहे.

घरातल्या बायकांनी मात्र ती केव्हाच भरली होती. ढग गडगडले की आजी सांगायची, वर म्हातारी हरभरे भरडतेय. जात्याची घरघर पोराच्या ओळखीची होती; आईच्या मांडीवर ती ऐकतच ते झोपायचं. परका आवाज असा घरचा व्हायचा. काही घरांत अर्जुनाची दहा नावं घेत. विराटपर्वात घाबरलेल्या उत्तराला अर्जुन ती सांगतो, म्हणजे मुळातच ती भ्यालेल्या मुलासाठी आहेत. पण आजच्या मुलानं जातं ऐकलेलंच नाही. वरच्या मजल्यावर पलंग सरकवल्याचा आवाज मात्र त्याला ठाऊक असतो. नव्या कवीनं तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

मोबाइलवर लावलेलं गाणं अशा रात्री कमी पडतं, कारण ते थांबत नाही. गडगडाट मध्येच त्याच्यावर आदळतो आणि मूल पुन्हा दचकतं. गाणाऱ्या माणसाला थांबता येतं. समजा, वीज चमकली. आपण हळू आवाजात विचारायचं, ‘म्हातारे, म्हातारे, दळण किती?’ आणि ‘ती’ लांबवत गुणगुणत राहायचं. गडगडाट झाला की तेच म्हातारीचं उत्तर. मग सावकाश म्हणायचं, ‘पसाभर राहिलं गं, पसाभर.’ आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. म्हणून वीज दोन किलोमीटरवर असेल तर सहा सेकंद गुणगुणावं लागतं, तीनवर गेली की नऊ. वादळ लांब जाईल तसा सूर लांबतो, श्वास खोल होतो आणि लय आपोआप उतरते. मूलही गडगडाटाची वाट पाहू लागतं, त्यामुळे तो अवचित येत नाही. आवाज चढवून ढगांशी स्पर्धा केली तर सगळं बिघडतं. आपला आवाज ताणला की मुलाला आपलीच भीती ऐकू येते. सूर खालचा हवा, मुलाचा कान छातीला टेकलेला हवा, म्हणजे बाहेर काही ऐकू आलं नाही तरी गाण्याची थरथर त्याच्यापर्यंत पोचते.

वीज अगदी जवळ पडली की लखलखाट आणि कडकडाट एकदमच येतात. तेव्हा प्रश्न विचारायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी गाणं सोडून पोराला घट्ट धरायचं, आणि त्याचा श्वास परत आला की दुसऱ्या ओळीपासून पुढे म्हणायचं.